चवथीचा चिवडा सादळला, डब्याला जुन्या तेलाचा वास: कुठवर खायचं, कुठे टाकायचं?

कुळागर_फोंडा

घरात तीन जिन्नस एकदमच बिघडले आहेत आणि त्यावरून दोन तट पडलेत. नीट माहिती असलेल्यांनी सांगा.

पहिला, पातळ पोह्यांचा चिवडा. शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, डाळं, कढीपत्ता, वरून मीठ आणि पिठीसाखर. सूर्यफुलाच्या तेलात केला. मोठ्या प्लॅस्टिकच्या बरणीत आहे, ती आता अर्धी रिकामी झालीय. चवथ होऊन तीन आठवडे झाले. चिवडा मऊ पडलाय आणि झाकण काढलं की जुन्या तेलाचा वास येतो.

दुसरा, मे महिन्यात खोबरेलात तळलेले फणसाचे गरे. कुरकुरीत आहेत, पण चव साबणासारखी लागते.

तिसरा, क्रीमच्या बिस्किटांचा उघडा राहिलेला पुडा. लुळी पडलीत, वास काही नाही.

बुरशी कुठेच दिसत नाही. सासूबाई म्हणतात, कढईत मंद आचेवर परतलं की सगळं पूर्ववत होतं. माझ्या मते सगळं टाकावं. घरात चार वर्षांचा मुलगा आहे, म्हणून विचारते.

मुरगावकर

सगळं टाका. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात मऊ पडलेली वस्तू म्हणजे बुरशी आलीच समजा, डोळ्यांना दिसो न दिसो. शंभर रुपयांच्या चिवड्यासाठी डॉक्टरची फी कशाला भरायची?

तळणघर

मुरगावकर बाब, सावधपणा बरोबर आहे, कारण चुकलं. मऊ पडणं आणि खवट होणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं पाण्याचं, दुसरं तेलाचं. एकाच बरणीत दोन्ही एकत्र आली की आपण त्यांना एकच समजतो, आणि मग एक तर चांगलं फेकतो किंवा वाईट परततो.

आधी मऊपणाचं बघू. वेफर किंवा चिवडा तळून काढला की त्यात पाणी जेमतेम दोन-तीन टक्के उरतं. भोवतालची हवा दमट असली की तो तिच्यातली ओल ओढत राहतो. बंद डब्यातल्या हवेची आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर जाऊन पदार्थ तिच्याशी जुळला की कुरकुरीतपणा गेलाच. बुरशीला मात्र साधारण सत्तर टक्क्यांच्या वरचा मुक्काम लागतो, आणि पोट बिघडवणाऱ्या जंतूंना त्याहूनही कितीतरी जास्त. म्हणजे कुरकुर जाते तेव्हा बुरशीची वेळ अजून बरीच लांब असते. रात्रभर उघडा राहिलेला पुडा सकाळी लुळा पडतो, तो नुसता सादळलेला. खायला निर्धोक.

पण आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची हवाच पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. तीच वस्तू आठवडाभर झाकण न लावता राहिली तर तीही त्या पातळीला पोचते, आणि मग मुरगावकर म्हणतात ते खरं होतं. म्हणून बघायचं ते दोन गोष्टींवर: किती दिवस उघडी होती, आणि ओला हात किंवा ओला चमचा आत गेला का.

तुमच्या चिवड्यात आणखी एक भानगड आहे, मीठ आणि पिठीसाखर. हवा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर दमट झाली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं. म्हणून आपल्याकडच्या मीठदाण्या जूनपासून घामेजतात. साखर पंच्याऐंशीच्या आसपास तेच करते. पिठीसाखर भुरभुरलेला चिवडा ताटात काढून गप्पा मारत बसलात तर अर्ध्या तासात मऊ. आणि बरणीच्या तळाशी साखर-मिठाचे जे गोळे जमतात, तिथे ओल सगळ्यात जास्त असते. बुरशी शोधायची तर आधी तिथे. वरचा थर बघून पास करू नका.

दिवचली_गाव

आमच्या घरचं विचारते. नेवऱ्या मऊ पडल्यात, चवथीच्याच. वास नाही. मग वरच्या हिशेबाने खाल्ल्या तर चालतील ना? ओल्या नारळाचं सारण आहे.

तळणघर

नाही! दिवचली बाय, वर जे लिहिलं ते सुक्या जिनसांचं. ओल्या नारळाच्या, पुरणाच्या नेवऱ्यांत आतलं सारणच ओलं असतं. त्याला बाहेरच्या हवेची गरज नाही, बुरशीला आणि जंतूंना लागेल एवढं पाणी आत आधीच आहे. अशी नेवरी बाहेर ठेवली तर दुसऱ्या दिवशीच संपवायची, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. तीन आठवड्यांची टाकायचीच. आंबूस वास येण्याची वाट बघायची नाही. रवा, सुकं खोबरं, तीळ, साखर असं कोरडं सारण असतं तर गोष्ट वेगळी होती. तिथे मऊपणा म्हणजे फक्त सादळणं.

कांद्याच्या भज्या, चटणी लावलेले सामोसे, ताजी साय घातलेलं काहीही याच रांगेतलं. तिथे हा नियम लावू नका.

पोसरकार_म्हापसा

दुकानदार म्हणून सांगतो. गिऱ्हाईक फुगलेलं पाकीट बघून विचारतात, आत गॅस झालाय का? मी तरी फार फुगलेली पाकिटं बाजूला काढून ठेवतो. डब्यातले मासे फुगले की टाकतात, तोच नियम.

प्रयोगशाळेतली

पोसरकार बाब, डब्यातल्या मासळीसाठी तो नियम बरोबर, तिथे फुगलेला डबा उघडायचाही नाही. वेफरच्या पाकिटाला मात्र उलटा लागतो. कारखान्यात ते नायट्रोजन भरूनच फुगवतात, म्हणजे आत तेल खवट करणारा प्राणवायू कमी राहतो आणि वेफर तुटत नाहीत. कोरड्या वेफरमध्ये गॅस तयार करणारे जंतू वाढूच शकत नाहीत. चोर्ला घाटातून माल वर गेला की हीच पाकिटं आणखी टम्म होतात, कारण वर हवेचा दाब कमी.

संशय घ्यायचा तो चपट्या पाकिटाचा. शिवण सुटली किंवा बारीक भोक पडलं की नायट्रोजन गेला आणि आपली दमट हवा आत आली. तपासायचं असेल तर पाकीट पाण्याच्या बादलीत बुडवून हलक्या हाताने दाबा. ज्या कोपऱ्यातून बुडबुडे येतील तिथे गळती. दुकानात सोपं म्हणजे दोन्ही हातांनी सावकाश दाबून दहा सेकंद धरा. हळूहळू बसायला लागलं तर ते विकायला ठेवू नका.

पोसरकार_म्हापसा

बरं झालं सांगितलं. म्हणजे चांगलीच बाजूला काढत होतो म्हणायचं. दुकानाच्या दारात दोरीला लटकवलेल्या माळा असतात, त्यांचं काय? त्या चपट्या नसतात, पण लोक म्हणतात वास येतो.

प्रयोगशाळेतली

त्या ऊन खातात. चंदेरी आतल्या बाजूच्या पाकिटात उजेड जवळजवळ जात नाही, पण उष्णता जाते. पारदर्शक पिशवीतल्या शेवेला आणि केळ्याच्या कापांना दोन्ही लागतात. उजेड तेलाच्या खवटपणाला जोरात ढकलतो. पारदर्शक माल आतल्या फळीवर ठेवा, दारात चंदेरी लटकवा. काचेच्या बरणीत शेव ठेवून ती खिडकीत मांडायची पद्धत दिसायला छान, तेलाला वाईट.

कुळागर_फोंडा

मूळ प्रश्न राहिला. जुन्या तेलाच्या वासाचं काय? आणि गऱ्यांचं?

तळणघर

येतो तिकडेच.

जुन्या तेलाचा वास म्हणजे तेलाला हवेतला प्राणवायू लागला. ही गोष्ट सरळ रेषेत होत नाही. बरेच दिवस काहीच कळत नाही, आणि एकदा सुरू झाली की चार-सहा दिवसांत बरणी हातची जाते, कारण बिघडलेलं तेल शेजारच्या तेलालाही बिघडवत जातं. सूर्यफूल आणि सोयाबीन यात लवकर बळी पडतात, शेंगदाणा तेल मधलं, पामतेल बरंच टिकतं. पाकिटातल्या फरसाणात पामतेल असतं ते स्वस्त म्हणून तर खरंच, पण टिकतं म्हणूनही. तुमची बरणी अर्धी रिकामी, म्हणजे अर्धी हवेने भरलेली, आणि दिवसातून दोन-तीनदा उघडणारी. तीन आठवड्यांत वास आला यात नवल नाही.

पण टाकण्यापूर्वी वास कशाचा ते शोधा. चिवड्यात तीन वेगवेगळी तेलं असतात: तळणीचं, शेंगदाण्यातलं, खोबऱ्यातलं. ती एकाच दिवशी बिघडत नाहीत. असं करा:

चिवडा पांढऱ्या ताटात उजेडात ओता, तळाचा थर वर येईल असा. गोळे, जाळं, करडा-हिरवा ठिपका दिसला तर पुढे जायचं कारण नाही, सगळा टाका. नाही दिसला तर पोहे, दाणे, खोबरं वेगळं करा.

पाच-सहा दाणे घ्या, साल काढा आणि दोन फाकी करा. आतली बाजू कोरडी, पांढुरकी हवी. पिवळट, तेलकट, जराशी पारदर्शक दिसली तर दाणा खवट. काळपट, हिरवट, सुरकुतलेला असेल तर ती बुरशी. एक चांगला दिसणारा दाणा चावून थुंका. खवटपणा आधी कळत नाही, गिळायच्या जागी घशात खाजल्यासारखा मागाहून येतो.

खोबऱ्याच्या कापांच्या कडा बघा. पिवळ्या झाल्या असतील तर बहुतेक तिथूनच वास.

पोहे चिमूटभर तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने दहा सेकंद चोळा आणि लगेच वास घ्या. उबेने वास सुटतो. तैलरंगाच्या डब्यासारखा वास आला तर तळणीचं तेलच गेलं.

आणि शेवटी रिकामी बरणी. कोरडा कागद झाकणाच्या आट्यांत फिरवून त्या कागदाचा वास घ्या. पुष्कळदा चिवडा बरा असतो आणि घाण तिथेच असते, मागच्या वर्षीच्या तेलाचा थर.

एक सूचना. जो माणूस रोज बरणी उघडतो त्याने वास घेऊ नये, त्याच्या नाकाला सवय झालेली असते. बाहेरून आलेल्याला बोलवा.

मुरगावकर

एवढी शस्त्रक्रिया? खवट लागलं की टाकायचं, संपलं. पण माझा प्रश्न असा, की खवट तेल विष आहे की नाही? काही जण म्हणतात कॅन्सर होतो.

प्रयोगशाळेतली

घासभर खवट चिवडा गेला म्हणून कोणी आजारी पडत नाही. बरंच गेलं तर मळमळ, उलटी, जुलाब होऊ शकतात. याचं नोंदलेलं उदाहरण आहे: १९६४ साली जपानमध्ये तळलेल्या इन्स्टंट नूडल्समधलं तेल फार खवट झालं होतं, आणि त्या खाऊन लोक आजारी पडले. त्यानंतर तिथे अशा पदार्थांतल्या तेलाच्या खवटपणाला मर्यादा घालून दिल्या. तेव्हा निव्वळ चवीचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. पण एक घास आणि महिनोन्‌महिने रोज वाटीभर यात फरक आहे. कॅन्सरचं बोलणं या एका बरणीवरून करायचं नाही.

माझा व्यवहार असा: खवट कळलं की खायचं थांबवायचं, आणि आधी खाल्लं असेल तर घाबरायचं नाही. उलट्या थांबत नसतील, पाणीही पोटात राहत नसेल, ताप किंवा रक्त दिसलं तर डॉक्टर. लहान मूल आणि म्हातारं माणूस असेल तर त्याआधीच.

खरी भीती बुरशीची आणि ती दाण्यांत आणि खोबऱ्यात. दमट उन्हाळी हवेत शेंगदाण्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते, ते यकृताला वाईट, आणि कॅन्सरशी त्याचा संबंध पक्का आहे. ते परतून, तळून पुरतं जात नाही. म्हणून काळपट दाणे बाजूला काढून बाकीचं परतून खाऊ, असं करायचं नाही. एक-दोनच सुरकुतलेले दिसले तर निवडणं वेगळं. मुठीत चार-पाच निघाले तर सगळे दाणे जातात.

दिवचली_गाव

टाकण्यापेक्षा गाईला घातलं तर? आमच्याकडे शिळं सगळं गोठ्यात जातं.

प्रयोगशाळेतली

मऊ पडलेली बिस्किटं थोडी घाला, हरकत नाही. बुरशी लागलेले दाणे, पेंड, चिवडा अजिबात नाही. ते विष गाईच्या दुधात उतरतं, म्हणजे फिरून पेल्यात परत येतं. खवट आणि मिठाचा चिवडाही नको.

शिवोलीचा_पाव

फणसाच्या गऱ्यांबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्याकडे खोबरेल कधी खवट होत नाही म्हणतात. मग साबणासारखी चव ही भेसळ असणार. बाजारात खोबरेल म्हणून काहीही विकतात.

तळणघर

अर्धं खरं. खोबरेल हवेने लवकर बिघडत नाही, हे बरोबर, त्यात तशी चरबी फार थोडी. पण पाण्याने बिघडतं. ओल असली की त्यातली आम्लं सुटी होतात, आणि खोबरेलातलं जे मुख्य आम्ल सुटं होतं तेच साबणात वापरतात. चव साबणासारखी लागते ती अगदी खरोखर. भेसळ असायलाच हवी असं नाही.

गऱ्यांत पाणी कुठून आलं, हा प्रश्न. कच्चे गरे जाड चिरले, बाहेरून कडक झाले म्हणून काढले, आत ओल राहिली. गरा मधोमध मोडून बघा: चुटकन तुटला पाहिजे, वाकून चिरडला नाही पाहिजे. किंवा ज्या तेलात ते तळले त्यात आधी ओल्या वस्तूंच्या दोन-चार तळण्या झाल्या होत्या. गरे टाकले की मिठाचं पाणी शिंपडतात, त्या पाण्याने तेल लवकर झिजतं. मिठाचं पाणी शेवटी, बुडबुडे कमी व्हायला लागल्यावर, एक पळीभर आणि एकदाच.

साबणाची चव आलेले गरे विषारी नाहीत, पण सुधारतही नाहीत. टाकायचे. पुढच्या मे महिन्यात पातळ चिरा, दोन-दोन वाट्यांच्या छोट्या डब्यांत भरा म्हणजे एक उघडला तर बाकी बंद राहतात.

शिवोलीचा_पाव

आमच्या बिस्किटांना पण साबणाचा वास येतो. म्हणजे तेच?

तळणघर

कपाटात शेजारी काय आहे ते बघा. बिस्किटातली चरबी आजूबाजूचा वास ओढून घेते. धुण्याची पावडर, डांबराच्या गोळ्या, उदबत्त्या, फिनेल यांच्याजवळचा पुडा सीलबंद असला तरी पातळ पुड्यातून वास आत जातो. बिस्किट फोडून आतला वास घ्या. खवट असेल तर आतही येतो, ओढलेला असेल तर बाहेरून जास्त. डांबराच्या गोळ्यांचा असेल तर टाका. साबणाचा, उदबत्तीचा असेल तर खायला काही वाटणारही नाही, तेव्हा तोही टाका.

कुळागर बाय, तुमच्या क्रीमच्या बिस्किटांना वास नाही, बुरशी नाही, त्यात ओलं काही नाही, तर ती निर्धोक. फक्त ओव्हनमध्ये सुधारणार नाहीत, क्रीम वितळून बाहेर येतं. चहात बुडवून संपवा.

सासूबाईंच्या_बाजूने

मला सासूबाईंचं पटतं. परतलेला चिवडा खरंच चांगला होतो, वासही जातो. आमच्याकडे वर्षानुवर्षं करतात.

तळणघर

सादळलेला चांगला होतो, हे शंभर टक्के. कारण परतल्याने पाणी निघून जातं. वास जातो तो थोडा वेळ. खवट वास देणारे पदार्थ उडून जाणारे असतात, गरम कढईत ते उडतात आणि नाकाला वाटतं बरं झालं. मागे राहिलेलं तेल तसंच आहे, उलट उष्णतेने आणखी पुढे जातं. दोन दिवसांनी तोच डबा उघडा, वास पहिल्यापेक्षा जोरात. तेव्हा वास नसेल तर परता, वास असेल तर परतू नका.

परतायची रीत: ओव्हन असेल तर ११० अंशांवर, एकच थर पसरून, आठ-दहा मिनिटं. कढईत असेल तर जाड बुडाची घ्या, तेल घालू नका, मंद आचेवर पाच-सात मिनिटं हलवत राहा. गरम असताना तो मऊच लागतो, तिथे लोक घाबरून आच वाढवतात आणि पोहे करपवतात. कुरकुरीत झाला की नाही ते गार झाल्यावर कळतं, म्हणून चमचाभर काढून दोन मिनिटांनी चावून बघा. वेफर मायक्रोवेव्हमध्ये कागदावर पसरून तीस-तीस सेकंद. क्रीम नसलेली बिस्किटं १५० अंशांवर चार-पाच मिनिटं.

मग तो कोमट असतानाच डब्यात भरायचा.

प्रयोगशाळेतली

इथे मी तुमच्याशी सहमत नाही. गरम भरला की वाफ झाकणाला धरते आणि थेंब परत चिवड्यावर. पूर्ण गार करूनच भरावा.

तळणघर

गरम नाही, कोमट म्हटलं. तळव्याला ऊब लागेल इतपत. नव्वद टक्के दमट हवेत पंख्याखाली तासभर पसरून ठेवलात तर काढलेलं पाणी परत घेतो तो. पंखा तर मुळीच नको, नवी नवी दमट हवा घालतो.

प्रयोगशाळेतली

मग बंद केलेल्या ओव्हनमध्येच, दार बोटभर उघडं ठेवून गार करा. आतली हवा गरम आणि कोरडी असते. पण कढईवाल्यांना ते जमणार नाही हे खरं. त्यांच्यासाठी कोमटावर मी अर्धी सहमत.

पोसरकार_म्हापसा

डब्यात तांदूळ घालतात काही लोक, चिवड्याच्या पुरचुंडीबरोबर. उपयोग होतो?

प्रयोगशाळेतली

तांदूळ स्वतःच आपल्याकडच्या हवेत ओलसर असतो, जवळजवळ काही ओढत नाही. कढईत कडक भाजून, गार करून घातला तर थोडा, एका दिवसापुरता. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या खाण्याच्या डब्यात नकोत, विशेषतः निळ्या दाण्यांच्या. पैसे घालायचेच तर छोट्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांवर घाला.

मुरगावकर

बरं, आणि दुकानातून त्याच दिवशी आणलेल्या शेवेला जुन्या तेलाचा वास असेल तर? त्याला ना बरणी जबाबदार ना पाऊस.

तळणघर

मग तळणीचं तेल दोषी. दिवसभर तेच तेल तापवून, कमी झालं की वरून ताजं घालत राहिलं की ते ताजंही त्याच्या मागे जातं. तुम्हाला कढई दिसत असेल तर बघा: फेस उठतो आणि बसत नाही, तेल काकवीसारखं दाट, वस्तू नसतानाही धूर. देशात १ जुलै २०१८ पासून नियम आहे, तळणीच्या तेलात झिजलेल्या पदार्थांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरायचं नाही. ते हातातल्या मीटरने मोजता येतं. तक्रार करायची तर बांबोळीला अन्न व औषध प्रशासन आहे. पाकीटबंद असेल तर रिकामं पाकीट, बिल आणि त्यावरचा चौदा अंकी परवाना क्रमांक ठेवा. सुट्या शेवेची तक्रार मात्र अवघड, बिलच नसतं.

कुळागर_फोंडा

सांगितल्याप्रमाणे केलं, शेजारच्या काकींना नाक लावायला बोलावून. पोहे ठीक, चोळले तर नुसता हळदीचा वास. दाणे सहापैकी दोन आतून पिवळे, काळपट एकही नाही. खोबऱ्याच्या कडा सगळ्या पिवळ्या. आणि झाकणाच्या आट्या पुसल्या तर कागदाला वास भयंकर! तळाशी साखरेचे गोळे होते, कोरडे.

आता दाणे आणि खोबरं काढून बाकीचं परतू का?

तळणघर

दाणे, खोबरं पूर्ण काढा, गोळेही. उरलेले पोहे-डाळं परता, नव्या डब्यात भरा आणि आठवड्यात संपवा. खोबऱ्याचं बिघडलेलं तेल पोह्यांना थोडं लागलेलं असणारच, त्यामुळे फार टिकणार नाही. मुलाला द्यायचा की नाही? मी देणार नाही, त्याच्यासाठी मूठभर ताजा करा.

बरणी सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर, मग आट्यांत ब्रश, मग कडक उन्हात. तरी वास राहिला तर प्लॅस्टिकने तो पिऊन घेतलाय. त्यात मग कडधान्य भरा, तळण नाही.

प्रयोगशाळेतली

एका गोष्टीवर मी थांबते. खोबरं खवट झालेलं असताना शेजारचे पोहे ठेवावेत का, याला माझं उत्तर ‘ठेवू नयेत’ असं आहे. तळणीचं तेल सूर्यफुलाचं, पुढची पाळी त्याचीच. ठेवलेच तर तळणघरांचा आठवडा मी तीन दिवस धरीन.

सासूबाईंच्या_बाजूने

म्हणजे परतायचंच ठरलं की शेवटी!

दिवचली_गाव

नेवऱ्या टाकल्या. पण खाज्यांचं सांगा, फेस्तातून आणलेली खाजी चिकट झालीत. गूळ आहे त्यात.

तळणघर

गूळ मिठाच्याही आधी पाणी ओढतो, म्हणून चिकट. ओव्हनमध्ये घालू नका, गूळ वितळून पत्र्याला चिकटेल. एक खाजं मोडून आतल्या तळलेल्या भागाचा वास घ्या. खवट नसेल आणि वर पांढुरकी लव नसेल तर चिकटच खा. तीळ लावलेली असतील तर तीळ आधी चाखा, तिळाचं तेल तिथे उघड्यावर असतं.